कुंडलीचा फोटो : दिसते तेवढे लिहावे

चातुर्मास संपला की घराघरांत सोयरिकीची बोलणी सुरू होतात आणि त्याबरोबर कुंडल्यांचे फोटो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरू लागतात. पूर्वी पत्रिका लखोट्यातून हस्ते-परहस्ते येत असे. ती आणणारा मध्यस्थ समोर बसलेला असे आणि अक्षर लागले नाही तर त्याला विचारता येत असे. आता कागद मूळ घरी कपाटातच राहतो, त्याची छबी तेवढी आपल्याकडे येते; तीही पुष्कळदा तिरपी, घडीच्या सावलीने झाकलेली, वरचा मथळा कापलेली. मग कोणीतरी वडीलधारी व्यक्ती घरातल्या तरुणाला सांगते, “यात काय लिहिले आहे ते जरा कागदावर उतरवून काढ, आपल्या गुरुजींना फोनवर सांगायचे आहे.” हे उतरवून काढण्याचे काम दिसते सोपे, पण नेमके तेथेच पाऊल चुकते.

आमच्याच नात्यात काही वर्षांपूर्वी असे घडले. चुलत भावाच्या मुलीची पत्रिका एका स्थळाकडे फोटोने गेली. तिकडे ज्याने ती वाचली, त्याला एका घरात ८ हा आकडा व त्याच्या शेजारी ‘मं’ हे अक्षर दिसले. त्याने लिहिले, “आठवा मंगळ.” एवढे दोन शब्द पुढे गेले. मुलगी मंगळाची ठरली, बोलणे थांबले, आणि ती गोष्ट दुसऱ्या दोन घरांतही पोहोचली. मुलीच्या आईने तीन महिने कोणापाशी तोंड उघडले नाही. पुढे मूळ कागद माझ्या हाती आला तेव्हा उलगडा झाला. वरच्या मधल्या घरात ६ हा आकडा होता. म्हणजे ८ आकड्याचे घर हे पहिल्यापासून मोजता तिसरे. मंगळ आठव्या स्थानात नव्हता. तो आठव्या राशीत, म्हणजे वृश्चिकेत होता आणि स्थान होते तिसरे. तिसऱ्या मंगळाचे फळ काय, हे मला ठाऊक नाही आणि या लेखाचा तो विषयही नाही. जे कागदावर नव्हते ते कागदाच्या नावावर खपले, एवढाच माझा मुद्दा आहे.

आपण व्यापारी माणसे. कीर्दीत नोंद करताना नफातोट्याचा विचार कोणी करीत नाही. रक्कम, तारीख, नाव जसे आहे तसे उतरते. खतावणी त्यानंतर आणि ताळेबंद सर्वांत शेवटी. नोंद लिहिता लिहिताच ताळेबंद मांडू पाहणारा मुनीम वही बिघडवतो. कुंडलीच्या फोटोचेही तसेच आहे. कोणता ग्रह कोणत्या घरात व कोणत्या राशीत मांडला आहे, ही नोंद. त्याचा अर्थ काय, हा निराळा व्यवहार. तो ज्याचा त्याने करावा. या महिन्यात आपण फक्त नोंद शिकू.

आकडा राशीचा, जागा स्थानाची

महाराष्ट्रात, गुजरातेत व राजस्थानात प्रचलित असलेली आकृती अशी असते : एक चौकोन, त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन कर्ण, आणि चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडणाऱ्या चार रेषा. त्यामुळे मध्यभागी चार मोठी पतंगाच्या आकाराची घरे तयार होतात आणि कोपऱ्यांकडे आठ लहान त्रिकोण राहतात. एकूण घरे बारा.

या मांडणीत जागा ठरलेल्या आहेत. वरचे मधले पतंगाकृती घर हे नेहमी पहिले स्थान, म्हणजे लग्न. येथे ‘लग्न’ याचा विवाहाशी संबंध नाही. जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली राशी म्हणजे लग्न. तेथून मोजणी डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चालते. वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन त्रिकोण आहेत. ज्याचा पाया वरच्या बाजूला टेकला आहे तो दुसरा आणि ज्याचा पाया डाव्या बाजूला टेकला आहे तो तिसरा. डावे पतंगाकृती घर चौथे. त्याखाली डाव्या बाजूला टेकलेला त्रिकोण पाचवा, तळाला टेकलेला सहावा, तळाचे पतंगाकृती घर सातवे. तळाचा उजवा त्रिकोण आठवा, उजव्या बाजूचा खालचा नववा, उजवे पतंगाकृती घर दहावे, उजव्या बाजूचा वरचा त्रिकोण अकरावा आणि वरच्या बाजूचा उजवा त्रिकोण बारावा.

घरात लिहिलेला आकडा मात्र स्थानाचा नव्हे, राशीचा असतो. १ म्हणजे मेष, २ वृषभ, ३ मिथुन, ४ कर्क, ५ सिंह, ६ कन्या, ७ तूळ, ८ वृश्चिक, ९ धनू, १० मकर, ११ कुंभ, १२ मीन. वरच्या मधल्या घरात कोणता आकडा येईल हे जन्मवेळेवर ठरते आणि पुढचे आकडे त्याच क्रमाने डावीकडे वाढत जातात. १२ नंतर पुन्हा १. मेष लग्नाच्या पत्रिकेत तेवढे आकडा आणि स्थान एकच येतात. बाकी अकरा लग्नांत ते जुळत नाहीत. ज्याने योगायोगाने पहिली पत्रिका मेष लग्नाची पाहिली, त्याची समजूत कायमची चुकीची बसते आणि त्याच समजुतीने तो पुढच्या पत्रिका वाचतो. म्हणून उतरवताना प्रत्येक ग्रहापुढे दोन वेगळे रकाने ठेवावेत : स्थान मोजून लिहावे, राशी आकड्यावरून लिहावी. एका आकड्यात दोन्ही उरकू नयेत.

या आकड्यांचा क्रम ठरलेला असल्याने एक मोठी सोय होते. बारांपैकी एकच आकडा स्वच्छ दिसला तरी बाकीचे अकरा भरता येतात. तथापि एकावर कधी विसंबू नये. आकृतीच्या दुसऱ्या टोकाचा आणखी एक आकडा वाचून तो जुळतो का ते पाहावे. देवनागरी १ आणि ९ जुन्या शाईत एकसारखे दिसतात. दुसरा आकडा हा त्यावरचा ताळा आहे.

सांगली, कोल्हापूर, बेळगाव या बाजूच्या कित्येक कुटुंबांकडे कर्नाटकी धाटणीच्या पत्रिका असतात, त्यांचा हिशेब उलटा आहे. तेथे चौकोनाच्या कडेने बारा सारखी घरे असतात आणि मधला भाग मोकळा असतो. त्यात राशींच्या जागा कायमच्या ठरलेल्या असल्याने आकडे लिहीत नाहीत. वरचा डावा कोपरा मीन, त्याच्या उजवीकडचे घर मेष, आणि पुढे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वृषभ, मिथुन असा क्रम जातो. लग्न कोणत्या घरात आहे हे ‘ल’ अक्षराने किंवा घरात काढलेल्या तिरप्या रेषेने दाखवतात. ती खूण फोटोत दिसली नाही तर ग्रहांच्या राशी सांगता येतात, स्थाने सांगता येत नाहीत. अशा वेळी “लग्नाची खूण दिसत नाही” एवढेच लिहावे; वरचे डावे घर पहिले समजून मोजायला लागू नये.

फोटो सरळ आहे का, आणि कोणत्या कुंडलीचा आहे

मोजणीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, फोटो सरळ आहे का. आडवा झालेला फोटो अक्षरांवरून ओळखू येतो. पण काही फोनांत पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्र आरशातल्यासारखे उलटे साठवले जाते. अक्षरे मोठी असली तर ते तत्काळ कळते. अंधुक, बारीक अक्षरांत कळत नाही, कारण चौकोनी आकृती उलटली तरी चौकोनीच दिसते. त्यातून देवनागरी ३ उलटला की ६ चा भास होतो आणि ६ उलटला की ३ चा. खरी खूण आकड्यांच्या क्रमात आहे. वरच्या मधल्या घरापासून आकडे डावीकडे वाढत गेले पाहिजेत. ते उजवीकडे वाढत असतील तर फोटो उलटा आहे. तो आधी फोनमध्येच पलटून घ्यावा आणि मगच पेन हाती घ्यावे.

दुसरी गोष्ट, ही कुंडली कोणती. एका पत्रिकेत बहुधा एकीपेक्षा अधिक आकृत्या असतात : लग्नकुंडली, राशीकुंडली म्हणजेच चंद्रकुंडली, नवमांश, कधी भावचलितही. आकृती एकच धाटणीची, नाव वरच्या मथळ्यात. फोटो जवळून घेतला की मथळा कापला जातो आणि सगळा घोटाळा सुरू होतो. चंद्रकुंडलीत चंद्राची राशी वरच्या मधल्या घरात ठेवलेली असते. म्हणून ‘चं’ पहिल्याच घरात दिसला आणि मथळा नसला तर शंका घ्यावी. लग्नी चंद्र असलेल्या लग्नकुंडलीतही तो तेथेच असतो, तेव्हा निर्णय न देता पाठवणाऱ्याकडे पूर्ण पानाचा फोटो मागावा. नवमांश ओळखण्याची खूण थोड्या वेळाने येईल.

आता अक्षरे. मराठी पत्रिकेत रवीसाठी ‘र’ लिहितात, गुजराती व हिंदी पत्रिकेत त्याच ग्रहासाठी बहुधा ‘सू’ असतो. ‘र’ला काना लागला की राहू होतो, ‘श’ला उकार लागला की शनीचा शुक्र होतो. फोटोत सर्वांत आधी हरवतात ते हे काना आणि उकार. ग्रहाशेजारी ‘व’ असेल तर ती बहुधा वक्री असल्याची खूण असते, तो निराळा ग्रह नव्हे. जुन्या परंपरेचे ग्रह नऊ. काही मराठी पत्रिकांत हर्षल, नेपच्यून व प्लूटो यांचीही अक्षरे असतात. ती असतील तर तीही लिहून घ्यावीत. शेवटी ग्रह मोजावेत. आठच भरले तर एक कुठेतरी घडीत लपला आहे. दहा भरले तर एक अक्षर दोनदा वाचले आहे किंवा एखादी खूण ग्रह समजली गेली आहे.

एक कुंडली वाचून पाहू

उदाहरणासाठी कोणाच्या घरची पत्रिका येथे छापणे योग्य नाही. तीत जन्मतारीख, वेळ, गाव सारेच असते. म्हणून सर्वांची असलेली एक कुंडली घेऊ : १५ ऑगस्ट १९४७, मध्यरात्र, दिल्ली. स्वतंत्र भारताची म्हणून ती ठिकठिकाणी छापलेली असते. मी ती एका कागदावर काढली, कागदाची घडी घातली, दिव्याच्या पिवळ्या उजेडात मुद्दाम वाईट फोटो घेतला आणि घरातल्या भाच्याला मथळ्यावाचून उतरवायला दिला.

त्याला दिसले ते असे. वरच्या मधल्या घरात २ आणि ‘रा’. वरच्या डाव्या त्रिकोणात ३ आणि ‘मं’. डाव्या बाजूच्या वरच्या त्रिकोणात ४ आणि अक्षरांची गर्दी. त्यात ‘र’, ‘चं’, ‘बु’ लागले, पुढे ‘श’ दोनदा दिसत होता. डावे पतंगाकृती घर व त्याखालचा त्रिकोण रिकामा. तळाच्या डाव्या त्रिकोणात ७ आणि ‘गु’. तळाच्या पतंगाकृती घरात ८ आणि ‘के’. उजवीकडची सगळी घरे रिकामी. त्यांतले दोन आकडे घडीत गेलेले.

त्याने पहिल्या झटक्यात लिहिले : “दुसरा राहू, तिसरा मंगळ, चौथ्या घरात पाच ग्रह, सातवा गुरू, आठवा केतू.” म्हणजे तीच जुनी चूक. येथे ती विशेष फसवी आहे, कारण लग्नी २ हा आकडा असल्याने प्रत्येक ग्रह फक्त एकेका घराने सरकतो आणि ऐकताना काही विपरीत वाटत नाही. मी त्याला म्हटले, “आकड्यांवर अंगठा ठेव आणि नुसती घरे मोज.” मग त्याने मोजले : राहू पहिला, मंगळ दुसरा, पाच ग्रह तिसऱ्यात, गुरू सहावा, केतू सातवा. त्यानंतर अंगठा काढून राशी लिहिल्या : राहू वृषभेत, मंगळ मिथुनेत, पाच ग्रह कर्केत, गुरू तुळेत, केतू वृश्चिकेत.

राहिला प्रश्न दोनदा दिसणाऱ्या ‘श’चा. फोटो मोठा करून पाहिला तर एकाखाली काळा ठिपका होता. तो उकार की डाग हे सांगता येत नव्हते. भाच्याने मोजले : राहू, मंगळ, रवी, चंद्र, बुध, गुरू, केतू हे सात स्वच्छ आहेत, नऊ पुरे व्हायला शनी आणि शुक्रच उरतात आणि जागा दोनच आहेत. तेव्हा एक शनी व एक शुक्र. हे बरोबर आहे, परंतु हे दिसलेले नव्हे, काढलेले आहे. नोंदीत दोहोंमधला फरक राहिला पाहिजे. या जागी त्याने कंसात ‘अनुमान’ असा शब्द घातला, ते मला आवडले.

ताळा कसा पाहावा

नोंद झाली की ताळा. तो आकाशाच्या साध्या नियमांवर पाहता येतो. त्यासाठी फलज्योतिष यावे लागत नाही.

राहू व केतू नेहमी समोरासमोर असतात. एकाच्या घरापासून मोजता दुसरा सातव्या घरात आलाच पाहिजे. येथे पहिल्यात राहू, सातव्यात केतू, ठीक. बुध पृथ्वीवरून पाहता सूर्यापासून सुमारे २८ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून तो सूर्याच्या राशीत किंवा लगतच्या राशीतच असतो. शुक्र सुमारे ४८ अंशांपर्यंत जातो, म्हणून तो फार तर दोन राशी पुढे-मागे असतो. येथे दोघेही सूर्याबरोबर कर्केत आहेत, ठीक. ‘बु’ असे वाचलेले अक्षर सूर्यापासून चार घरे दूर दिसले तर ते ‘बु’ नव्हे, बहुधा ‘गु’ चुकून वाचलेले आहे. किंवा मग ती लग्नकुंडलीच नव्हे. नवमांशाची खूण हीच. नवमांशात राशीचे नऊ भाग करून ग्रह पुन्हा मांडलेले असल्यामुळे बुध आणि सूर्य कितीही दूर दिसू शकतात. राहू-केतू मात्र नवमांशातही समोरासमोरच राहतात, म्हणून त्या एका ताळ्यावर समाधान मानू नये.

तारीख ठाऊक असेल तर सूर्याची राशीही तपासता येते. आपल्या पंचांगांप्रमाणे सूर्य साधारण १४ एप्रिलला मेषेत जातो आणि दर महिन्याच्या मध्यास एक राशी ओलांडतो. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तो कर्केत. १५ ऑगस्टला तो कर्केच्या अगदी अखेरीस असतो. चंद्राचा ताळा तिथीवर. अमावास्येच्या सुमारास चंद्र सूर्याच्या राशीत किंवा शेजारी, पौर्णिमेच्या सुमारास समोर. १६ ऑगस्ट १९४७ ला अमावास्या होती, आणि आपल्या नोंदीत चंद्र सूर्यापाशीच आहे.

शेवटचा ताळा वेळेचा, आणि तो मला सर्वांत उपयोगी वाटतो. सूर्योदयी जन्म असेल तर सूर्य वरच्या मधल्या घरात किंवा शेजारी असतो. दुपारी तो उजव्या पतंगाकृती घराकडे, सूर्यास्ती तळाच्या, मध्यरात्री डाव्या. म्हणजे दिवस जाईल तसा सूर्य या आकृतीत घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. हा ताळा अंदाजाचा आहे. एका घराचा मागेपुढे फरक चालतो. आपल्या उदाहरणात वेळ मध्यरात्रीची, तेव्हा सूर्य चौथ्या घराच्या आसपास हवा. तो तिसऱ्यात आहे, पण कर्केच्या शेवटच्या अंशांत, चौथ्याच्या उंबरठ्यावर. ताळा जुळला. हाच फोटो आरशासारखा उलटा असता तर राहू-केतू समोरासमोरच दिसले असते, बुध-शुक्र सूर्यापाशीच दिसले असते, पण ती गर्दी उजवीकडच्या अकराव्या घराच्या जागी गेली असती आणि मध्यरात्रीची कुंडली सकाळच्या प्रहराची भासली असती. उलटा फोटो बाकीच्या ताळ्यांतून निसटतो तो येथे सापडतो.

ताळा जुळला नाही तर अक्षर बदलून तो जुळवू नये. कीर्दीत रक्कम जुळत नाही म्हणून कोणी आकडा खोडत नाही, पावती शोधतो. येथे पावती म्हणजे मूळ कागद. तेथे काय आहे ते विचारावे.

नोंद कशी लिहावी

भाच्याने अखेर जे लिहिले ते येथे देतो, कारण पुढे कोणालाही तो नमुना म्हणून चालेल.

“फोटो सरळ आहे, आकडे डावीकडे वाढतात. मथळा फोटोत नाही. ही लग्नकुंडली असावी असे सूर्य-बुधाच्या अंतरावरून वाटते. लग्न वृषभ. पहिल्या स्थानी राहू, वृषभेत. दुसऱ्या स्थानी मंगळ, मिथुनेत. तिसऱ्या स्थानी रवी, चंद्र, बुध, शनी व शुक्र, कर्केत. यांपैकी शनी व शुक्र यांची अक्षरे अस्पष्ट आहेत, ती उरलेल्या ग्रहांवरून ठरवली (अनुमान). सहाव्या स्थानी गुरू, तुळेत. सातव्या स्थानी केतू, वृश्चिकेत. बाकी स्थानी ग्रह नाहीत. मात्र उजवीकडचा भाग घडीत असल्याने तेथे बारीक अक्षर असल्यास दिसत नाही. वक्री वगैरे खुणा व अंश या आकृतीत नाहीत.”

या नोंदीत काय नाही ते पाहावे. “धनस्थानी मंगळ” असे नाही, “दुसऱ्या स्थानी” असे आहे. स्थानांची नावे परंपरेने चालत आलेली आहेत व ती चुकीची नाहीत. पण धन, भाग्य, व्यय, हे शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याच्या मनात अर्धे फळ आधीच तयार होते. व्ययस्थानी काही आहे असे ऐकल्यावर व्यापाऱ्याच्या कपाळावर आठी पडणारच. बारावे म्हणावे, काम भागते. तसेच ग्रह उच्चीचा, नीचीचा, बलवान, बिघडलेला, असे शब्द या नोंदीत नाहीत. कोणत्या घरावर कोणाची दृष्टी आहे तेही नाही. ती सारी पुढच्या माणसाची कामे आहेत, आणि त्याच्या हाती स्वच्छ नोंद गेली तर तो ती अधिक नीट करील. पाच ग्रह एका घरात पाहून भाच्याला राहवले नाही, त्याने विचारले, “मामा, हे चांगले की वाईट?” मी म्हटले, “तू पाच मोजलेस, ते बरोबर मोजलेस.”

काही गोष्टी फोटोतून कधीच कळत नाहीत, त्याही सांगून टाकाव्यात. नुसत्या आकृतीत ग्रहाचे अंश नसतात, त्यामुळे तो राशीच्या आरंभी आहे की अखेरीस हे कळत नाही. लग्नराशी सुमारे दोन तासांनी बदलते. जन्मवेळ त्या सांध्याच्या जवळची असेल तर काही मिनिटांच्या फरकाने पहिले घर बदलते आणि त्याबरोबर सगळी स्थाने एकेक सरकतात, राशी मात्र त्याच राहतात. शिवाय सर्व पंचांगे एकच अयनांश धरीत नाहीत. म्हणून एकाच जन्माच्या दोन पत्रिकांत सीमेवरचा एखादा ग्रह वेगवेगळ्या राशीत दिसू शकतो. अशा वेळी कोणी खोटे केले असा संशय धरू नये. दोन्ही जसे आहे तसे उतरवून “दोन पत्रिकांत हा फरक आहे” असे लिहावे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. फोटो पुढे पाठवताना आकृती व मथळा राहील, पण नाव, जन्मतारीख, वेळ व गाव झाकले जाईल अशी काळजी घ्यावी. ज्याला ते हवे त्याने ते मुलीच्या वडिलांकडून घ्यावे.

आमच्या त्या मुलीची गोष्ट सांगायची राहिली. मूळ कागदावरून मी अशीच एक नोंद केली : “लग्न कन्या, मंगळ तिसऱ्या स्थानी, वृश्चिकेत.” त्यावर मत काही दिले नाही. ती चिठ्ठी भावाने ज्या घरी पहिला फोटो गेला होता तेथे पोहोचवली. ते स्थळ पुढे जमले नाही, त्यांची कारणे त्यांची. पण त्या गृहस्थांनी स्वतः येऊन “आठवा मंगळ हा शब्द आमच्या वाचण्याची चूक होती” असे चार माणसांत सांगितले. मुलीची आई त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी पाहुण्यांत बसून बोलली.